बँकेत ४,२३,०१७, मेंटेनन्स ३,८१,२९२: खजिनदाराच्या एका तिमाही पत्राचा अभ्यास

महाराष्ट्रातली एक सहकारी गृहनिर्माण संस्था. फ्लॅट चाळीस: सोळा वन बीएचके, चोवीस टू बीएचके. मेंटेनन्सचं बिल तीन महिन्यांचं एकदम निघतं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीची बिलं १ जुलैला निघाली, भरायची मुदत ३१ जुलै. मालमत्ता कर प्रत्येक जण महापालिकेकडे स्वतंत्र भरतो, त्यामुळे तो बिलात नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खजिनदारांनी नोटीस बोर्डावर चार ओळींचं पत्र लावलं. मजकूर असा, की या तिमाहीत मेंटेनन्सपोटी एकूण ₹ ४,२३,०१७ जमा झाले, तीन सभासद थकबाकीदार आहेत आणि त्यांच्याकडून ₹ २४,१६५ येणे आहे. खाली तिघांच्या नावांची यादी होती. आकडा बँकेच्या पासबुकातल्या जमा रकान्याची बेरीज करून घेतलेला होता. बेरीज बरोबर होती. पत्र मात्र चुकीचं होतं, आणि ते एका सभासदाच्या साध्या प्रश्नातून उघडं पडलं: तिमाहीची सगळी बिलं मिळून ₹ ३,८४,६५० होतात, तीन जणांनी पैसे भरलेले नाहीत, मग बिलापेक्षा जास्त पैसे आले कसे? समितीने दर जास्त लावलेत का?

पैशांत कोणी हात घातला नव्हता. ‘जमा’ या एका शब्दात तीन वेगळे आकडे मिसळले होते: बिलांची आकारणी, सभासदांकडून आलेली वसुली आणि बँकेत पडलेली रक्कम. हे तीन आकडे कोणत्याही तिमाहीत सहसा एक नसतात. जमेचं पत्र लिहायचं म्हणजे या तिघांमधला फरक रुपयापर्यंत दाखवायचा.

आधी आकारणी पाहू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व फ्लॅटना सारखा असतो, फ्लॅट लहान असो की मोठा. इथे तो तिमाहीला अनुक्रमे ₹ ४,५०० आणि ₹ ६०० आहे. पाणी नळांच्या संख्येवर: वन बीएचकेला पाच नळ, टू बीएचकेला आठ, नळामागे ₹ २२५. सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. वन बीएचकेचा बांधकाम खर्च आठ लाख धरला, तर सिंकिंग फंड तिमाहीला ₹ ५०० आणि दुरुस्ती निधी ₹ १,५००. टू बीएचकेचा बारा लाख धरला, तर ₹ ७५० आणि ₹ २,२५०. शिक्षण निधी महिन्याला दहा रुपये. म्हणजे वन बीएचकेचं साधं बिल ₹ ८,२५५, टू बीएचकेचं ₹ ९,९३०. त्यावर वीस गाड्यांचं पार्किंग प्रत्येकी ₹ ६०० आणि भाड्याने दिलेल्या पाच फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस प्रत्येकी ₹ ४५०. हे चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि ते पूर्ण बिलावर काढायचे नसतात. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. सगळं मिळून ₹ ३,८४,६५०.

आता पासबुकातले ₹ ४,२३,०१७ सोडवायचे. जमा रकान्यावरून एकेक ओळ पावती पुस्तकाशी जुळवत गेल्यावर चार गोष्टी बाजूला निघतात.

पहिली सोपी आहे. मुदत ठेवीचं व्याज ₹ १८,४०० आणि एका फ्लॅटच्या हस्तांतरणाचे ₹ २५,६०० (प्रीमियम २५,०००, हस्तांतरण शुल्क ५००, प्रवेश शुल्क १००) हे संस्थेचे पैसे आहेत, पण मेंटेनन्स नाही. दोन्ही मिळून ₹ ४४,००० वजा.

दुसरी जागा नजरेतून सहज सुटते. एका वन बीएचकेच्या सभासदाचा ₹ ८,२५५ चा चेक जुलैअखेर भरला, बँकेने तो जमेला दाखवला आणि दोन दिवसांनी न वटता परत आला. सभासदाने ऑगस्टमध्ये तेवढीच रक्कम खात्यातून पाठवली. पासबुकात जमा रकान्यात ८,२५५ दोनदा आहेत, आणि परतीची नोंद नावे रकान्यात. फक्त जमेची बेरीज करणाऱ्याला ती नावे नोंद दिसतच नाही. शिवाय याच तिमाहीत दुसऱ्या एका वन बीएचकेवाल्याने पुढच्या तिमाहीचे ८,२५५ आगाऊ भरलेत. एकाच रकमेच्या तीन-चार ओळी समोर आल्या, की कुठली खरी आणि कुठली परत गेलेली हे केवळ रकमेवरून कळत नाही. चेक नंबर पाहावाच लागतो. परत आलेल्या चेकची पावती पुस्तकातच रद्द करून, तिच्यावर परतीची तारीख लिहून ठेवली तर वर्षअखेरीला लेखापरीक्षकासमोर शोधाशोध होत नाही.

तिसरी उलट्या बाजूची. ३० सप्टेंबरला संध्याकाळी एका सभासदाने ₹ १०,५३० चा चेक दिला. पावती त्याच दिवशी फाडली, चेक बँकेत गेला ऑक्टोबरमध्ये. सभासदाच्या दृष्टीने त्याने सप्टेंबरात पैसे भरले आणि त्याच्या हातात पावती आहे. ही रक्कम वसुलीत धरायची, पण ‘हातातील चेक’ म्हणून वेगळी दाखवायची. पावतीवर ‘चेक वटण्याच्या अधीन’ हे शब्द छापलेले असतील तर पुढे वाद राहत नाही.

चौथी गोष्ट पैशांपेक्षा माणसाला लागणारी होती. जुलैमध्ये यूपीआयने ₹ ९,९३० आले होते. पासबुकातल्या तपशिलात एक अनोळखी नाव आणि संदर्भ क्रमांक, फ्लॅट नंबर नाही. पावती फाडली गेली नाही. कोणाची ते न कळलेली रक्कम जिथे तात्पुरती ठेवतात, त्या सस्पेन्स खात्यात ती पडून राहिली. आणि ज्या ज्येष्ठ सभासदांच्या मुलाने ते पैसे पाठवले होते, त्यांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत लागलं. इथे रक्कम स्वतःच धागा देते: ९,९३० हे गाडी नसलेल्या टू बीएचकेचं बिल आहे, आणि त्या गटातला पावती न मिळालेला एकच फ्लॅट उरला होता. तरी नुसत्या रकमेवरून खात्यात जमा करू नये. मुलाच्या फोनवरच्या व्यवहारातला बारा अंकी यूपीआय क्रमांक मागवायचा, पासबुकाशी जुळवायचा, मगच सस्पेन्समधून काढून सभासदाच्या नावे पावती फाडायची. सस्पेन्स खात्यात रुपया जरी शिल्लक असेल, तर येणे रकमेची यादी बोर्डावर लावायची घाई करू नये. त्या यादीतलं कुणाचं तरी नाव चुकीचं असण्याची दाट शक्यता असते.

यादीतला शब्दही चुकला होता. सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला थकबाकीदार म्हणायला बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून किंवा भरण्याच्या मुदतीपासून, यांत जे उशिरा असेल तिथपासून, तीन महिने जावे लागतात. ३१ जुलैच्या मुदतीला ३० सप्टेंबरपर्यंत दोनच महिने झालेत. या बिलाचे पैसे ‘येणे’ आहेत, एवढंच म्हणायचं.

एवढं केल्यावर वसुलीचा आकडा निघतो ₹ ३,८१,२९२. तो आकारणीच्या इतका जवळ आहे, की पटकन वाटतं, ३,३५८ रुपयेच यायचे राहिले. हा दुसरा सापळा. वसुलीत मागचे आणि पुढचे पैसे आहेत. एका सभासदाने जानेवारी आणि एप्रिलच्या तिमाहीची बिलं ३१ जुलैला भरली: दोन वेळा १०,५३०, म्हणजे २१,०६०, आणि त्यावर व्याज ₹ १,४२२. सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर १८ टक्के आहे (उपविधीतली कमाल मर्यादा २१), सरळव्याज; जानेवारीच्या बिलावर सहा महिन्यांचं ९४७.७०, एप्रिलच्या बिलावर तीन महिन्यांचं ४७३.८५. व्याजावर व्याज नाही. त्यात वर सांगितलेले आगाऊ ८,२५५ मिळवले की मागचे-पुढचे ३०,७३७ होतात. ते वजा केल्यावर चालू बिलापोटी आलेली रक्कम राहते ₹ ३,५०,५५५.

उलट बाजूला दोन टू बीएचकेवाल्यांनी वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच भरलेत. त्यांची या तिमाहीची बिलं, १९,८६०, आगाऊतून वळती झाली. पैसा या तिमाहीत आलाच नाही, तरी बिल फिटलं. म्हणून येणे रक्कम ३,८४,६५० वजा ३,५०,५५५ वजा १९,८६०, म्हणजे ₹ १४,२३५. तो दोन फ्लॅटचा आहे: भाड्याने दिलेल्या एका वन बीएचकेचे पूर्ण ८,७०५ आणि गाडी असलेल्या एका टू बीएचकेने १०,५३० पैकी ५,००० भरले त्याचे उरलेले ५,५३०.

त्या पाच हजारांनी शीर्षकवार तपशिलात खरी अडचण आणली. कुठल्या शीर्षकाला किती धरायचे? सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बिलातल्या क्रमाने वाटतं, सेवाशुल्क पहिलं म्हणून सगळं तिथेच जातं, आणि सिंकिंग फंड कोरडा राहतो. या संस्थेच्या समितीने ठराव केला की अर्धवट रकमेतून आधी निधी भरायचे. ७५०, २,२५० आणि ३० मिळून ३,०३० निधींना, उरलेले १,९७० सेवाशुल्काला. दुसरी संस्था प्रमाणात वाटेल, तेही चालेल. पण पद्धत ठरावात हवी आणि दर तिमाहीला तीच हवी. नाहीतर मागच्या तिमाहीशी तुलनाच करता येत नाही.

पत्र छापण्याआधी एकच तपासणी करायची, आणि ती टाळायची नाही. सभासद खतावणीची, म्हणजे प्रत्येक सभासदाच्या खात्याच्या वहीची, एकूण शिल्लक आकड्यांशी जुळते का? १ जुलैला येणे २१,०६० आणि आगाऊ जमा ५९,५८०, म्हणजे संस्थेकडेच सभासदांचे निव्वळ ३८,५२० जास्त. त्यात नवी बिलं ३,८४,६५० आणि व्याज १,४२२ नावे टाकली, वसुली ३,८१,२९२ जमा केली, की निव्वळ आगाऊ ३३,७४० उरायला हवेत. ३० सप्टेंबरची खतावणी सांगते: आगाऊ ४७,९७५, येणे १४,२३५. फरक ३३,७४०. जुळलं. हे जुळत नसेल तर कुठेतरी एक पावती दोनदा किंवा एक बिल चुकीच्या फ्लॅटला लागलेलं असतं, आणि पत्र थांबवून ते आधी शोधायचं.

नवं पत्र असं गेलं:

> विषय: जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या मेंटेनन्स जमेचा तपशील
>
> सर्व सन्माननीय सभासदांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> यापूर्वी बोर्डावर लावलेल्या पत्रातील ₹ ४,२३,०१७ हा आकडा बँकेतील सर्व जमांचा होता, मेंटेनन्सचा नव्हता. ते पत्र मागे घेत आहे. त्यातील यादीत एका सभासदाचे नाव चुकीने आले. त्यांनी रक्कम वेळेत भरलेली आहे. त्यांची मी क्षमा मागतो.
>
> १. या तिमाहीची एकूण बिले ₹ ३,८४,६५० ची होती. त्यांपैकी ₹ ३,७०,४१५ ची बिले फिटली: ₹ ३,५०,५५५ या तिमाहीत आले आणि ₹ १९,८६० एप्रिलमध्ये आलेल्या आगाऊ रकमेतून वळते केले. ₹ १४,२३५ दोन फ्लॅटकडून येणे आहे; त्यांना स्वतंत्र पत्र दिले आहे.
>
> २. फिटलेल्या बिलांचा शीर्षकवार तपशील (रुपये):
>
> | शीर्षक | आकारणी | फिटलेली रक्कम | येणे |
> |---|---|---|---|
> | सेवाशुल्क | १,८०,००० | १,७२,९७० | ७,०३० |
> | लिफ्ट | २४,००० | २२,८०० | १,२०० |
> | पाणी | ६१,२०० | ५८,२७५ | २,९२५ |
> | सिंकिंग फंड | २६,००० | २५,५०० | ५०० |
> | दुरुस्ती निधी | ७८,००० | ७६,५०० | १,५०० |
> | शिक्षण निधी | १,२०० | १,१७० | ३० |
> | पार्किंग | १२,००० | ११,४०० | ६०० |
> | नॉन-ऑक्युपन्सी | २,२५० | १,८०० | ४५० |
> | एकूण | ३,८४,६५० | ३,७०,४१५ | १४,२३५ |
>
> ३. या तिमाहीत सभासदांकडून आलेली एकूण मेंटेनन्स वसुली ₹ ३,८१,२९२. त्यात चालू बिलांचे ३,५०,५५५, मागील बिलांचे २१,०६०, त्यावरील व्याज १,४२२ आणि पुढील तिमाहीचे आगाऊ ८,२५५ आहेत.
>
> ४. बँकेशी मेळ: पासबुकातील जमा ४,२३,०१७, वजा ठेवीचे व्याज व हस्तांतरण रक्कम ४४,०००, वजा परत आलेला चेक ८,२५५, अधिक ३० सप्टेंबरला हातात असलेला चेक १०,५३०, एकूण ३,८१,२९२.
>
> खर्चाचा तपशील स्वतंत्र पत्रात देत आहे. पावती पुस्तक, सभासद खतावणी आणि बँक ताळमेळ पत्रक कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध आहे. यूपीआयने रक्कम पाठवताना कृपया फ्लॅट नंबर लिहावा.
>
> आपला,
> खजिनदार

या पत्रातल्या काही निवडी समजून घ्याव्यात अशा आहेत. चूक पहिल्याच परिच्छेदात मान्य केली आहे आणि ज्यांचं नाव चुकून लागलं त्यांची माफी त्याच बोर्डावर मागितली आहे, जिथे नाव लागलं होतं. घरी जाऊन खासगीत माफी मागणं वेगळं. बोर्डावर वाचलेलं सगळ्या जिन्याने वाचलेलं असतं. येणे असलेल्या दोन फ्लॅटचे नंबर मात्र पत्रात नाहीत, कारण जमेच्या पत्राचं ते काम नाही.

तक्ता वसुलीचा नसून फिटलेल्या बिलांचा आहे, हेही मुद्दाम. वसुली शीर्षकवार मांडली तर जुन्या बिलांचं पाणी या तिमाहीच्या पाण्यात मिसळतं, आगाऊ रकमेला तर शीर्षकच नसतं. तिचं बिल ऑक्टोबरमध्ये निघणार. सभासदाला हातातल्या बिलाशी ताडून पाहता येतो तो आकारणीचा रकाना. चोवीस टू बीएचके आणि सोळा वन बीएचके यांच्या बिलांचा गुणाकार करून कोणीही तो दोन मिनिटांत तपासू शकतो, आणि तपासावा अशीच ही मांडणी आहे.

खर्च वेगळ्या पत्रात ठेवण्यामागेही कारण आहे. जमा आणि खर्च एका पानावर आले, की लोक वजाबाकी करून ‘शिल्लक’ काढतात, आणि त्या शिलकीत सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी आणि पुढच्या तिमाहीचे आगाऊ पैसे धरले जातात. मग मेंटेनन्स कमी करा अशी मागणी येते. ते पैसे रोजच्या खर्चाला मोकळे नसतात.

निधीचे पैसे प्रत्यक्ष हलवणं पत्रानंतर राहतं. तक्त्यातला सिंकिंग फंड २५,५००, आणि जुनी दोन बिलं भरणाऱ्या टू बीएचकेच्या त्या बिलांमधले दोन वेळा ७५०, म्हणजे १,५००. एकूण ₹ २७,००० बचत खात्यातून फंडाच्या स्वतंत्र गुंतवणुकीत जायला हवेत. ३० सप्टेंबरचा चेकही टू बीएचकेचा आहे, त्यातले ७५० अजून बँकेत आलेले नाहीत. म्हणून ते सोडून ₹ २६,२५० वर्ग झाले, आणि रोजकिर्दीत पेन्सिलीने लिहून ठेवलं: चेक वटल्यावर ७५०.